घरच्या गुंतवणुकीत सोने किती असावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, विटा, तासगाव, कराड आणि सातारा येथील वाचकांकडून सोन्याविषयी सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. भाव रोज बदलतो. त्यामुळे सर्व उदाहरणांत शुद्ध म्हणजे 24 कॅरेट सोन्याचा भाव 10 ग्रॅमला 1,00,000 रुपये धरला आहे. आपण हिशेब करताना त्या दिवसाचा भाव घालावा. तोळा म्हणजे येथे सर्वत्र 10 ग्रॅम.

1. घरच्या गुंतवणुकीत सोन्याचे नेमके काम कोणते?

सोने व्याज देत नाही, भाडे देत नाही, लाभांशही देत नाही. त्यापासून मिळायचे ते केवळ भाववाढीतून मिळते. तरीही त्याला घरच्या गुंतवणुकीत जागा आहे, कारण त्याचा भाव ज्या कारणांनी वाढतो ती कारणे शेअर आणि ठेवींच्या कारणांपेक्षा वेगळी आहेत. आपल्याकडचा भाव तीन गोष्टींवर ठरतो: जागतिक बाजारातील डॉलरमधील भाव, डॉलर-रुपया विनिमय दर आणि आयात शुल्क. रुपया घसरला की जागतिक भाव स्थिर असूनही येथे सोने महागते. 2008 मध्ये शेअर बाजार निम्म्याहून खाली आला, त्या वर्षी रुपयांतील सोन्याचा भाव मात्र वाढला होता. आपली ठेव, भविष्य निर्वाह निधी, विमा हे सगळे रुपयांत असते. सोने हा त्या रुपयाच्या घसरणीवरचा उतारा आहे.

त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 2012 मध्ये 10 ग्रॅमचा सरासरी भाव सुमारे 31 हजार होता, 2015 मध्ये तो साडेसव्वीस हजारांच्या आसपास उतरला आणि 2018 मध्ये पुन्हा 31 हजारांवर आला. म्हणजे सहा वर्षांत हाती काहीच आले नाही. त्याच काळात 8 टक्क्यांच्या ठेवीत एक लाखाचे, करापूर्वी, सुमारे 1 लाख 59 हजार झाले असते. जुलै 2024 मध्ये आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आले, तेव्हा जागतिक बाजारात विशेष काही घडलेले नसतानाही येथील भाव दोन-तीन दिवसांत हजारो रुपयांनी खाली आला. ‘सोने कधी उतरत नाही’ हे वाक्य सराफ कट्ट्यावर नेहमी ऐकू येते, पण आकडे त्याला साथ देत नाहीत.

2. मग एकूण गुंतवणुकीच्या किती टक्के सोने असणे रास्त आहे?

राहते घर वगळून उरलेल्या गुंतवणुकीच्या 10 ते 15 टक्के, हे माझे उत्तर आहे. पाच टक्क्यांहून कमी सोने असेल तर त्याचा उपयोग जाणवत नाही. सोने एका वर्षात 40 टक्के चढले तरी 5 टक्के हिश्शामुळे एकूण रकमेत फक्त 2 टक्क्यांची भर पडते. उलट हिस्सा पाव भागाच्या पुढे गेला की 2012 ते 2018 सारखा एखादा लांबचा सपाट काळ मुलांच्या शिक्षणाच्या किंवा निवृत्तीच्या तरतुदीला थेट खीळ घालतो.

हे प्रमाण मोडीत विकता येईल अशा मोकळ्या सोन्यासाठी आहे. अंगावरचे दागिने त्यात धरायचे की नाही, यावर बहुतेक घरांचा हिशेब चुकतो. त्यासाठी प्रश्न 3 आणि 5 एकत्र वाचावेत.

3. आमच्याकडे पंधरा-वीस तोळे दागिने आहेत. ते गुंतवणुकीत धरायचे का?

घरातील सोने आधी तीन भागांत वेगळे करावे. पहिला भाग वापराचा आणि स्त्रीधनाचा: मंगळसूत्र, रोजच्या बांगड्या, सासूबाईंनी दिलेला लक्ष्मीहार. हे सोने कितीही भाव आला तरी विकले जाणार नाही, म्हणून ती गुंतवणूक नव्हे. दुसरा भाग ठरलेल्या कार्यासाठी राखलेला, बहुधा मुलामुलीच्या लग्नासाठी. ती पुढच्या खर्चाची तरतूद आहे, तिचा विचार प्रश्न 6 मध्ये केला आहे. तिसरा भाग मोकळा: तुटकी कर्णफुले, न वापरलेल्या चेनी, नाणी, वेढणी, तसेच ईटीएफ म्हणजे शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारा सोन्याचा फंड किंवा सरकारी सुवर्ण रोखे यांत असलेले कागदी सोने. 10 ते 15 टक्क्यांची कसोटी या तिसऱ्या भागाला लावावी.

मात्र पहिले दोन भाग पूर्णपणे विसरूनही चालत नाही. भाव पडला तर तिन्हींची किंमत एकाच वेळी पडते. म्हणून दुसरी कसोटी अशी की तिन्ही भाग मिळून एकूण मालमत्तेच्या, घर वगळून, सुमारे 30 टक्क्यांच्या वर जाऊ नयेत. ही मर्यादा कोणत्याही नियमात लिहिलेली नाही. आपल्या भागातील घरांची सोन्याची ओढ लक्षात घेऊन मी ती धरतो.

ही विभागणी घरातील स्त्रियांना विचारून करावी. स्त्रीधनावर त्या स्त्रीचाच अधिकार असतो आणि पतीचा त्यावर मालकी हक्क नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. पतीने आपल्या गुंतवणुकीच्या वहीत पत्नीचे दागिने परस्पर लिहून टाकणे योग्य नाही.

4. दागिन्यांची खरी किंमत घरी कशी काढायची? वजन गुणिले भाव पुरेसे नाही का?

पुरेसे नाही. खानापूर-विटा आणि आटपाडी भागातील कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या देशभर गलाईचा व्यवसाय करत आली आहेत. त्या माणसांना विचारले तर ती सांगतील की दागिन्याचे वजन आणि त्यातून आटून निघणारे सोने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली वजावट सोने नसलेल्या वस्तूंची. बोरमाळेचे मणी पोकळ असून आत लाख भरलेली असते. जुन्या धाटणीच्या काही पाटल्यांतही लाख असते. ठुशीचा गोंडा, मंगळसूत्रातील काळे मणी आणि नथीचे मोती हे तर उघडच सोने नव्हे. दुसरी वजावट टंचाची, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेची. हॉलमार्क असलेल्या 22 कॅरेटच्या दागिन्यात हजारात 916 भाग शुद्ध सोने असते. जुन्या, विनाहॉलमार्क दागिन्यांत जोडाच्या डाकामुळे आणि त्या काळच्या घडणीमुळे टंच बरेचदा 88 च्या आसपास, कधी त्याहूनही खाली निघतो. तिसरी वजावट मोड घेताना सराफ धरतो ती घट, जी साधारण 2 ते 3 टक्के असते.

समजा घरात एकूण 18 तोळे, म्हणजे 180 ग्रॅम दागिने आहेत. लाख, मणी, खडे आणि दोरा यांचे 14 ग्रॅम गेले, उरले 166 ग्रॅम. त्यातील 90 ग्रॅम हॉलमार्कचे आहेत, त्यांचे शुद्ध सोने 82.4 ग्रॅम. बाकी 76 ग्रॅम जुने, 88 टंचाने 66.9 ग्रॅम. दोन्ही मिळून 149.3 ग्रॅम, त्यातून 2 टक्के घट वजा केली की 146.3 ग्रॅम. आपल्या धरलेल्या भावाने त्याचे सुमारे 14 लाख 63 हजार होतात. ‘18 तोळे म्हणजे 18 लाख’ असा जो हिशेब घरोघर तोंडी होतो, त्यापेक्षा हा आकडा 3 लाख 37 हजारांनी कमी आहे.

टंच निश्चित करायचा असेल तर बीआयएस मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात सामान्य ग्राहकालाही दागिना तपासून घेता येतो. क्ष-किरण यंत्रावरील चाचणी मुख्यत्वे पृष्ठभागाचा टंच दाखवते. जाड किंवा डाकाच्या दागिन्याचा नेमका टंच दागिना आटवल्यावरच कळतो. नव्या दागिन्यावर सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी क्रमांक असतो आणि तो बीआयएस केअर या अ‍ॅपवर पडताळता येतो. 1 एप्रिल 2023 पासून नियम लागू असलेल्या जिल्ह्यांत दुकानदाराला या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही.

5. प्रत्यक्ष एका कुटुंबाचा हिशेब करून दाखवाल का?

कराड परिसरातील एक शिक्षक कुटुंब कल्पून पाहू. बँकेत मुदत ठेव 9 लाख, पतसंस्थेत 3 लाख, भविष्य निर्वाह निधी 14 लाख, म्युच्युअल फंड 6 लाख आणि विमा पॉलिसीचे आजचे समर्पण मूल्य 3 लाख. एकूण 35 लाख. दागिने प्रश्न 4 मधलेच, 18 तोळे, किंमत सुमारे 14 लाख 65 हजार. त्यातील 8 तोळे वापराचे आणि स्त्रीधनाचे (सुमारे 6 लाख 50 हजार), 6 तोळे मुलीच्या लग्नासाठी (4 लाख 90 हजार), 4 तोळे मोकळे (3 लाख 25 हजार).

मोकळ्या सोन्याची कसोटी लावू. 35 लाख अधिक 3.25 लाख म्हणजे 38.25 लाखांत मोकळे सोने साडेआठ टक्के आहे. दहा टक्क्यांना अगदी थोडेच कमी. एकूण सोन्याची कसोटी लावली तर 49.65 लाखांत सोने साडेएकोणतीस टक्के, म्हणजे मर्यादेच्या काठावर. या कुटुंबाला आणखी सोन्याची गरज नाही. फार तर एक-सव्वा तोळ्याएवढे कागदी सोने हळूहळू घेता येईल, तेही बाकी बचत वाढत गेल्यास.

आता हे कुटुंब गुढीपाडव्याला मुदत ठेव मोडून 5 तोळ्यांचा हार घेते असे धरा. प्रश्न 7 मधील हिशेबाने बिल सुमारे 5 लाख 28 हजार होईल आणि त्या हाराची मोडीची किंमत त्याच दिवशी 4 लाख 49 हजार असेल. मोकळे सोने साडेआठवरून 20 टक्क्यांच्या वर जाईल, एकूण सोने 39 टक्क्यांवर आणि अडीनडीला लगेच काढता येणारी बँक ठेव 9 लाखांवरून पावणेचार लाखांवर येईल. माझ्या मते या शेवटच्या आकड्याची काळजी सर्वांत जास्त वाटायला हवी. पतसंस्थेतील 3 लाखांना ठेव विम्याचे संरक्षण नाही. पाच लाखांपर्यंतचे ते संरक्षण फक्त बँकांतील ठेवींना आहे. अशा वेळी बँकेतील ठेवच मोडून दागिना करणे म्हणजे घराचा सर्वांत भक्कम आधार कमी करणे होय.

6. मुलीच्या लग्नासाठी दरवर्षी तोळा-तोळा घ्यावा का?

लग्नात सोने द्यायचे हे ठरलेलेच असेल, तर थोडे थोडे घेत जाणे समंजसपणाचे आहे, कारण पुढे भाव चढला तरी तेवढे ग्रॅम आपल्या हाती असतात. पण ते दागिन्याच्या रूपात घेऊ नये. दहा वर्षांपूर्वीची घडण मुलीला आवडत नाही, मग मोड घालून नवे करावे लागते आणि मजुरी दोनदा पडते. लग्नाला पाच वर्षांहून अधिक अवकाश असेल तर ईटीएफ किंवा सुवर्ण फंडात ग्रॅमच्या हिशेबाने साठवावे आणि लग्नाच्या आधीच्या वर्षी विकून त्या पैशांतून दागिने करावेत. किती तोळे द्यायचे हे आधी ठरवून तेवढ्यावर थांबावे. ‘लग्नासाठी’ या नावाखाली खरेदी अमर्याद चालू राहते असे फार घरांत दिसते.

7. दागिना, नाणे, ईटीएफ, डिजिटल सोने यांपैकी काय घ्यावे?

दागिना हौसेसाठी घ्यावा आणि त्याची जादा किंमत हौसेची किंमत म्हणून मान्य करावी. 22 कॅरेटची 10 ग्रॅमची चेन घेतली तर सोन्याचे 91,600, त्यावर 12 टक्के मजुरी 10,992 आणि एकूण रकमेवर 3 टक्के जीएसटी 3,078, असे सुमारे 1,05,670 रुपये जातात. तीच चेन लगेच मोडीत घातली तर 2 टक्के घट धरून 89,768 रुपये मिळतील. म्हणजे सोन्याचा भाव सुमारे 18 टक्के वाढेपर्यंत आपण तोट्यातच असतो. नाण्यात किंवा वेढणीत मजुरी बरीच कमी असते, पण जीएसटी तेवढाच.

मोकळ्या सोन्यासाठी गोल्ड ईटीएफ मला सर्वांत सरळ वाटतो. घेताना जीएसटी आणि मजुरी नाही, लॉकरची चिंता नाही आणि वर्षाचा खर्च साधारण अर्धा ते एक टक्का येतो. त्यासाठी डिमॅट खाते लागते. ते नको असेल तर ईटीएफमध्ये पैसे गुंतवणारा सुवर्ण फंड घ्यावा, त्यात खर्च किंचित वाढतो.

सार्वभौम सुवर्ण रोखे नोव्हेंबर 2015 मध्ये सुरू झाले आणि फेब्रुवारी 2024 नंतर त्यांची नवी विक्री झालेली नाही. ज्यांनी ते मूळ विक्रीत घेतले आहेत त्यांनी आठ वर्षांची मुदत पूर्ण होईपर्यंत ठेवावेत, कारण मूळ किमतीवर अडीच टक्के वार्षिक व्याज मिळते आणि मुदतीअंती भाववाढीवर कर लागत नाही.

मोबाइलवर शंभर-दोनशे रुपयांत विकल्या जाणाऱ्या डिजिटल सोन्यापासून दूर राहावे. ते आपल्या नियमनाच्या कक्षेत येत नाही, असा इशारा सेबीने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला आहे. त्यावर जीएसटीही लागतो आणि खरेदी-विक्रीच्या दरांत अंतर असते.

8. सराफाच्या सुवर्ण भिशीत पैसे भरावेत का?

अकरा हप्ते आपण भरायचे आणि शेवटी सवलत दुकानदाराने द्यायची, अशा या योजनेत आपण दुकानदाराला विनातारण उधार देत असतो. दुकान बंद पडले तर ठेव विमा नाही आणि आपले पैसे परत मिळवायला वर्षे जातात. शिवाय अखेरीस दागिनाच घ्यावा लागतो, म्हणजे प्रश्न 7 मधली मजुरी आलीच. ठरलेला दागिना करायचाच असेल आणि दुकान पिढ्यांच्या ओळखीचे असेल, तर हप्त्याची रक्कम बुडाली तरी झेपेल एवढीच ठेवावी. गुंतवणूक म्हणून भिशी धरूच नये.

9. आमचा ऊस आणि द्राक्षबाग आहे. शेतकरी कुटुंबालाही हेच प्रमाण लागू आहे का?

येथे प्रमाण थोडे सैल धरावे. नोकरदाराला महिन्याला पगार येतो, शेतकऱ्याचे पैसे मात्र उसाच्या बिलावर किंवा बेदाण्याच्या सौद्यावर अवलंबून असतात आणि औषधे, मजुरी, खते यांचा खर्च त्याच्या कितीतरी आधी येतो. अशा घरात सोने भाववाढीसाठी ठेवलेले नसते. हंगामातील खेळत्या भांडवलासाठी ते तारण म्हणून कामी येते. छाटणीनंतर बँकेत ठेवून माल विकल्यावर सोडवलेले पाच तोळे सावकाराच्या व्याजापासून वाचवतात. म्हणून मोकळे सोने 20 टक्क्यांपर्यंत गेले तरी मला गैर वाटत नाही. अट एवढीच की तारण दर हंगामात सुटले पाहिजे. व्याज भरून तेच तारण वर्षानुवर्षे पुढे ढकलले जात असेल, तर ते सोने आपले राहिलेले नाही. मग त्यातला काही भाग विकून कर्ज फेडणे स्वस्त पडते.

शेतजमीन एकूण मालमत्तेत धरू नये. ती धरली की टक्केवारी फारच छोटी दिसते आणि खरेदीला निमित्त मिळते.

10. सोनेतारणावर किती कर्ज मिळते? विकण्यापेक्षा ते बरे का?

रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांनुसार घरगुती गरजेच्या कर्जाला अडीच लाखांपर्यंत सोन्याच्या किमतीच्या 85 टक्के, पाच लाखांपर्यंत 80 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के ही कमाल मर्यादा आहे. किंमत फक्त सोन्याची धरली जाते, खडे-मोत्यांची नाही. एकरकमी फेडीच्या कर्जात मुदतीअंतीचे व्याजही या मर्यादेत मोजले जाते, म्हणून हाती येणारी रक्कम थोडी कमी असते. कर्ज पूर्ण फेडल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत दागिने परत मिळाले पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे.

परतफेडीचा पैसा कुठून येणार हे वर्षभराच्या आत दिसत असेल तर तारण ठेवावे. ते दिसत नसेल तर मोकळे सोने विकावे.

11. भाव वाढल्यामुळे आमचे सोने आपोआप 20 टक्क्यांवर गेले. विकायचे का?

सोने 12 टक्के असताना त्याचा भाव दीडपट झाला आणि बाकी काही हलले नाही, तरी हिस्सा 17 टक्क्यांवर जातो. अशा वेळी आधी नवी खरेदी थांबवावी आणि पुढची सर्व बचत ठेवी व फंडांत वळवावी. बहुतेक घरांत एक-दोन वर्षांत प्रमाण आपोआप खाली येते आणि कर भरावा लागत नाही. मोकळे सोने 20 टक्क्यांच्या वर राहत असेल तरच विक्री करावी. तेव्हाही आधी ईटीएफ विकावा, कारण त्यात घट नसते.

भौतिक सोने 24 महिन्यांहून अधिक काळ जवळ असेल तर नफ्यावर साडेबारा टक्के कर आणि त्यावर उपकर लागतो. त्याहून कमी काळ असेल तर नफा नेहमीच्या उत्पन्नात मिळवला जातो. वारशाने आलेल्या दागिन्यांना मूळ मालकाचा काळ आणि मूळ मालकाची किंमत लागू होते, आणि ते 1 एप्रिल 2001 पूर्वीचे असतील तर त्या दिवसाची बाजारकिंमत धरता येते. मोड घालून नवा दागिना घेणे हीसुद्धा करासाठी विक्रीच आहे, याची अनेकांना कल्पना नसते.

12. घरात किती सोने ठेवणे कायदेशीर आहे?

मालकीला मर्यादा नाही. विवाहित स्त्रीसाठी 500 ग्रॅम, अविवाहित स्त्रीसाठी 250 आणि पुरुषासाठी 100 ग्रॅम हे जे आकडे फिरतात, ते 1994 च्या प्राप्तिकर सूचनेतील आहेत. झडतीच्या वेळी एवढे दागिने जप्त करू नयेत, असा त्यांचा अर्थ आहे. यापेक्षा जास्त सोने बिल, वारसा किंवा भेटीच्या पुराव्यानिशी ठेवता येते. दोन लाखांहून अधिक खरेदीला पॅन द्यावा लागतो आणि दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम दुकानदार रोखीने घेऊ शकत नाही.

13. सांगलीत पूर येतो. लॉकरमधील सोन्याची जबाबदारी बँकेची असते का?

आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँक कर्मचाऱ्याची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. भाडे 2,000 असेल तर दोन लाख, मग आत वीस तोळे असले तरी. पूर, भूकंप, वीज अशा नैसर्गिक आपत्तीतील नुकसानीची जबाबदारी बँकेवर नसते, मात्र आपल्या बाजूने योग्य काळजी घेणे तिला बंधनकारक आहे. 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्यांनी कृष्णाकाठच्या सखल भागातील शाखेपेक्षा उंचावरची शाखा निवडावी आणि दागिन्यांसाठी स्वतंत्र विमा घ्यावा. पाण्याने सोन्याचे काही बिघडत नाही, पण सोबत ठेवलेली बिले आणि वाटणीपत्रे लगदा होतात. त्यांची छायाचित्रे, प्रत्येक दागिन्याच्या वजनाची नोंद आणि एचयूआयडी क्रमांक घरातील दोघांकडे वेगवेगळ्या ठिकाणी असावेत.